यंत्रावर नसलेले शब्द

आजच्या विषयाचं निमित्त माझी नात. एकोणीस वर्षांची आहे, पहिल्यांदा मत देणार होती. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात वर्तमानपत्र घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, इथं लिहिलंय की यंदा युती विरुद्ध आघाडी अशी लढत आहे. मग मशीनवर युतीचं बटण कुठलं?"

मी हसलो, पण नंतर हसल्याचं वाईट वाटलं. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, शब्दाला वस्तू आहे का हे तपासायला मुलांना सांगितलं, आणि नेमका तोच प्रश्न तिनं विचारला होता. पहिल्या पानावरचे मोठे शब्द यंत्रावर असतात का?

तर यंत्रावर काय असतं ते आधी पाहू. मतदानयंत्रावर जो कागद चिकटवलेला असतो तीच मतपत्रिका. बातम्यांत हा शब्द जुन्या शिक्क्याच्या काळातला असल्यासारखा येतो, पण मतपत्रिका आजही आहे, घडी घालायची गरज तेवढी उरली नाही. तिच्यावर अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, छायाचित्र आणि चिन्ह असतं. शेवटी नोटा. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात सात सेकंद जी चिठ्ठी दिसते, तिच्यावरही क्रमांक, नाव, चिन्ह एवढंच. युती नाही, आघाडी नाही, मुख्यमंत्री तर नाहीच नाही. तुम्ही तुमच्या मतदारसंघातल्या एका माणसाला मत देता. बाकी सगळं त्या एका मतावर नंतर रचलं जातं.

आता हे रचणं कसं चालतं त्याचं उदाहरण लांब शोधायला नको, २०१९ ची आपली विधानसभा घेऊ. जागा २८८, म्हणजे बहुमताला १४५ हवेत. वाहिन्यांच्या भाषेत मॅजिक फिगर. जादू वगैरे काही नाही, निम्म्यापेक्षा एक जास्त. निकाल लागला तेव्हा भाजप १०५, शिवसेना ५६. दोघांची युती निवडणुकीआधीच झालेली होती, बेरीज १६१. मथळे आले, युतीला स्पष्ट बहुमत. राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४, ही आघाडी मागे.

पुढचा महिना तुम्हाला आठवतच असेल. मधे राष्ट्रपती राजवट, एक पहाटेचा शपथविधी, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, आणि २८ नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस यांचं सरकार. ५६, ५४ आणि ४४ मिळून १५४. कोणी कोणाला फसवलं यात मी शिरणार नाही, त्यावर तुमच्या घरात पुरेशी भांडणं झाली असतील. माझा मुद्दा शब्दाचा आहे. "युतीला बहुमत" हे वाक्य खरं होतं का? दोन पक्षांच्या जागांची बेरीज १६१ आहे, एवढंच त्या दिवशी खरं होतं. बहुमत ज्याला मिळालं म्हणतो तो "युती" नावाचा कर्ता विधानसभेच्या दफ्तरात नव्हता. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट पाहा. आमदारानं पक्ष सोडला तर त्याची आमदारकी जाऊ शकते. पण पक्षानं युती सोडली तर ते परिशिष्ट काही म्हणत नाही. सरकारिया आयोगानं राज्यपालांसाठी क्रम सुचवला होता, निवडणूकपूर्व आघाडीला आधी बोलवा, मग इतरांना. पण ती शिफारस आहे, आणि बोलावल्यावर दोघं एकत्र यायलाच तयार नसतील तर राज्यपाल तरी काय करणार?

जाता जाता एक. आपल्याकडे हे दोन शब्द वाटूनच टाकलेत. शिवसेना-भाजप म्हणजे युती, काँग्रेस-राष्ट्रवादी म्हणजे आघाडी. अर्थानं दोन्ही एकच, पण वर्षानुवर्षं छापून ती विशेषनामं झाली. वर मतमोजणीच्या दिवशी पुढे असण्यालाही आघाडीच म्हणतात. त्यामुळे "आघाडी पिछाडीवर" असं वाक्य आपण चहा पिताना सहज ऐकतो आणि कोणालाच ठेच लागत नाही!

जाहीरनाम्याकडे वळतो. इथं पक्षांनीच शब्द बदललेत आणि बातमीदार ते एकाच पिशवीत भरतात. काँग्रेसचा जाहीरनामा, शिवसेनेचा वचननामा, भाजपचं संकल्पपत्र. तीन शब्द, तीन वेगळ्या क्रिया. जाहीर करणं म्हणजे सांगणं. वचन कोणाला तरी द्यावं लागतं, आणि ज्याला दिलं तो ते मागू शकतो. संकल्प माणूस स्वतःशी करतो. पूजेला बसताना पाणी सोडून करतो तो. तो मोडला तर तुमचं माझं काय गेलं? कायद्यापुढे मात्र तिघांची किंमत सारखीच. जाहीरनाम्यातली आश्वासनं हा निवडणूक कायद्यातला भ्रष्ट आचार ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं, आणि आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला लावली. आश्वासनाला पैसा कुठून आणणार याचा ढोबळ उल्लेख असावा, असं त्यात आलं. तेव्हा नातीला मी म्हटलं, घोषणा वाचू नकोस, पैशाचं वाक्य शोध. तिला तीन दस्तऐवजांत मिळून दीड सापडलं.

पण २०१९ कडे परत या. निवडणुकीआधी युतीतल्या दोघांनी वेगवेगळे कागद काढले होते. आणि जे सरकार आलं, त्याचा "किमान समान कार्यक्रम" २८ नोव्हेंबरला जाहीर झाला. मतदान २१ ऑक्टोबरला. म्हणजे ज्या कागदावर राज्य चालायचं तो मत देताना कोणाच्याच हातात नव्हता. निवडणुकीनंतर एकत्र आलेल्यांचं असं होणारच, त्यात बेकायदा काही नाही. पण मग त्या सरकारनं "जाहीरनामा पाळला की नाही" हा चर्चेचा विषय लावणाऱ्या वाहिनीनं आधी सांगावं, कुठला?

शेवटचा शब्द विरोधी पक्ष. २०२४ च्या निकालात महाविकास आघाडीतल्या तीन पक्षांना २०, १६ आणि १० जागा मिळाल्या, एकूण ४६. बातम्यांत "विरोधक" असा एकच जमाव. सभागृहात विरोधी पक्षनेता हे पद आहे, त्याला मंत्र्याचा दर्जा असतो. एकदशांश जागा हव्यात अशी प्रथा, म्हणजे २८८ मध्ये २९. आघाडीकडे ४६ होत्या, पण मोजणी पक्षाची, आणि एकाही पक्षाकडे २९ नव्हत्या. निकालानंतर ते पद रिकामं राहिलं. लोकसभेत २०१४ पासून दहा वर्षं तेच झालं, काँग्रेसकडे आधी ४४ आणि मग ५२ जागा होत्या. गंमत अशी की संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याचा १९७७ चा जो कायदा आहे, त्यात दहा टक्के हा आकडा नाही. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष, आणि त्याच्या नेत्याला अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. आकडा आला तो सभागृहात पक्षाला मान्यता देण्याच्या जुन्या संकेतातून.

नातीनं इथं मला पकडलं. "म्हणजे मत देताना आघाडी एक आणि मोजताना तीन?" हो, मी म्हटलं, आणि २०१९ मध्ये याच नियमानं युतीही एक नव्हती.

आपल्या न्यायशास्त्रात प्रतिपक्ष असा शब्द आहे. प्रतिपक्षाला स्वतःचं म्हणणं मांडून सिद्ध करावं लागतं. जो फक्त समोरच्याचं खोडतो आणि स्वतःचं काही स्थापन करत नाही, त्याच्या वादाला वितंडा म्हणतात. मराठी बातमीनं प्रतिपक्ष सोडून विरोधक घेतला. "विरोधकांचा सभात्याग" अशी ओळ वाचून कळत नाही की ते कुठल्या विधेयकाच्या कुठल्या कलमावर, काय पर्याय सुचवून बाहेर पडले. पुष्कळदा पर्याय दिलेला असतो, दुरुस्ती लेखी असते, सभागृहाच्या कामकाजात छापलेलीही असते. बातमीत मात्र फक्त पायऱ्यांवरचे फलक.

नातीनं मत दिलं. कोणाला ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, मशीनवर बारा नावं होती, त्यातली नऊ मी कधी पेपरात वाचलीच नव्हती. तुमच्यापैकी कोणाला आपल्या मतदारसंघातली सगळी नावं सांगता येतील का? मला आली नाहीत. प्रश्न असतील तर आता घेऊ.