रावी कोण? : महाभारत वाचण्याची एक रीत

महाभारताचा पहिला खंड आम्ही दोनदा हाती घेतला आणि दोनदा मिटून ठेवला. पांडव-कौरवांची हकिकत वाचायला बसलो, तर समोर आले उत्तंक नावाचा शिष्य, गरुड, समुद्रमंथन आणि सापांचा यज्ञ. पन्नासाहून अधिक अध्याय उलटले तरी मूळ कहाणी सुरू होईना. राही मासूम रझा यांनी लिहिलेली दूरदर्शनची मालिका (1988-90) घरातल्या मोठ्यांनी पाहिलेली, आम्हीही नंतर पाहिली. तिच्यात 'समय' हा एकच निवेदक सारी कथा सरळ सांगतो. ग्रंथात मात्र एकाची गोष्ट दुसरा सांगतो, त्याच्या गोष्टीत तिसरा बोलू लागतो. मालिकेच्या सवयीने ग्रंथ उघडला की वाट चुकणारच.

तिसऱ्या वेळी आम्हाला उपयोगी पडली ती मदरशात आणि उर्दूच्या वर्गात लागलेली एक सवय. कुठलीही रिवायत आली की आपण आधी विचारतो, रावी कोण? त्याने कुणाकडून ऐकले? हदीसची सनद आणि महाकाव्याची चौकट यांची बरोबरी आम्ही करत नाही. सनदेत खरेखोटे तपासायचे असते, इथे फक्त आपण कुठे उभे आहोत हे कळून घ्यायचे असते. पण प्रश्न तोच कामाला येतो.

महाभारतात बाहेरची साखळी दोन कड्यांची आहे. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती हा शौनक ऋषींना सांगतो. तो जे सांगतो ते त्याने जनमेजय राजाच्या सर्पसत्रात ऐकलेले असते. तिथे व्यासांचे शिष्य वैशंपायन हे जनमेजयाला त्याच्या पूर्वजांची कथा सांगत होते. सुरुवातीचे ते पन्नास-पंचावन्न अध्याय सौती-शौनकांचे आहेत. हे सर्पसत्र कसे सुरू झाले आणि आस्तिकाने ते कसे थांबवले, हे त्यांत येते. म्हणजे ते विषयांतर नसून मैफल कशी जमली याची हकिकत आहे. ही गोष्ट कळली नाही म्हणून आम्ही दोनदा तिथेच अडलो.

नवख्या वाचकाने एक साधी वही करावी. पानावर चार रकाने आखावेत : कोण सांगतो, कुणाला सांगतो, ऐकणाऱ्याने काय विचारले, आणि गोष्ट संपल्यावर आपण कुठे परतलो. नवा सांगणारा आला की नवी ओळ, थोडी आत सरकवून लिहायची. गोष्ट संपली की चौथा रकाना भरायचा. तो बराच वेळ रिकामा असेल, तर आपण अजून आतच आहोत असे समजावे. नकाशा मात्र स्वतः काढायला नको. आदिपर्वातच दुसरे उपपर्व 'पर्वसंग्रह' आहे. अठरा पर्वांत काय काय येते याची ती ग्रंथाने स्वतःच दिलेली यादी. ती आधी वाचून तिथे खूण ठेवावी.

आता एक उदाहरण वहीत उतरवू. वनपर्वात अर्जुन अस्त्रे मिळवायला गेला आहे. बाकीचे भाऊ काम्यकवनात आहेत आणि भीम चिडलेला आहे. अशा वेळी बृहदश्व ऋषी येतात. युधिष्ठिर त्यांना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कधी झाला आहे का? उत्तरादाखल नल-दमयंतीची कथा सुरू होते आणि तीसेक अध्याय चालते. पहिल्या तीन रकान्यांत आपण लिहितो : बृहदश्व, युधिष्ठिराला, 'माझ्याहून दुर्दैवी कोण?'

या कथेत फसायच्या दोन जागा आहेत. दमयंतीच्या वडिलांचे नाव भीम. ते विदर्भाचे राजे. घाईत वाचणाऱ्याला वाटते की पांडव भीम बोलतो आहे. दुसरी जागा संबोधनाची. अध्यायाच्या मध्येच 'हे भारता' असे येते. ही हाक जनमेजयालाही लागू, युधिष्ठिरालाही, इतर पर्वांत धृतराष्ट्रालाही. तिच्यावर भिस्त ठेवू नये. 'कौंतेया' किंवा 'जनमेजया' अशी पक्की हाक शोधावी, किंवा 'अमुक म्हणाले' ही ओळ गाठेपर्यंत मागे जावे. पुढे पर्णाद नावाचा ब्राह्मण बाहुक सारथ्याचे बोलणे दमयंतीला येऊन सांगतो. वहीत ती आणखी आतली ओळ होते. पण तो निरोप पोचवून बाजूला होतो आणि आपण पुन्हा बृहदश्वांकडे येतो.

नल जुगारात राज्य हरतो, बायकोला रानात सोडतो, रूप बदलून बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानेफळे मोजून दाखवतो. मग दोघे विद्येची अदलाबदल करतात. नल त्याला घोड्यांचे मर्म देतो आणि त्याच्याकडून फाशांचे मर्म घेतो. त्या विद्येच्या बळावर तो राज्य परत जिंकतो. कथा संपल्यावर बृहदश्व तीच फाशांची विद्या युधिष्ठिराला देऊन निघून जातात. आता चौथा रकाना भरतो : 'काम्यकवन, युधिष्ठिराला अक्षविद्या मिळाली.' पुढे विराटपर्वात हाच युधिष्ठिर कंक नावाने राजाच्या पदरी फासे खेळणारा म्हणून राहतो. वही नसती तर हा धागा हातून निसटला असता.

अकबराच्या दरबारात 1582 मध्ये महाभारताच्या फारसी तर्जुम्याचे काम सुरू झाले. तोच 'रझ्मनामा'. पुढे फैजीने नल-दमयंतीवर स्वतंत्र फारसी मसनवी लिहिली. स्वतंत्र कथा म्हणून ती इश्काची दास्तान ठरते आणि त्यात गैर काही नाही. पण ग्रंथात तिचा ऐकणारा एक हरलेला जुगारी आहे. तो नजरेआड झाला की दमयंतीचा विरह उरतो आणि युधिष्ठिराला मिळालेला इलाज हरवतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की महाभारतातले उपाख्यान त्याच्या ऐकणाऱ्यासकट वाचावे.

ही रीत सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. स. सुखठणकर यांनी 1936 मध्ये दाखवले की भृगुकुळाच्या कथा ग्रंथात प्रमाणाबाहेर शिरल्या आहेत. परशुरामाच्या कथा पुन्हा पुन्हा येतात, तिथे ऐकणाऱ्याची गरज दरवेळी सापडेलच असे नाही. अशा ठिकाणी ओढूनताणून अर्थ लावू नये. तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकावे आणि पुढे जावे. शांतिपर्व आणि अनुशासनपर्वात अशी प्रश्नचिन्हे फार पडतात. तिथे भीष्म शरशय्येवरून युधिष्ठिराच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि प्रत्येक उत्तरात एखादा जुना संवाद सांगतात. ही दोन पर्वे पहिल्या वाचनात बाजूला ठेवली तरी चालेल.

युद्धाची पर्वे मात्र सोडू नयेत. तिथे संजय आधी येऊन धृतराष्ट्राला सांगतो की भीष्म पडले. राजा विलाप करतो आणि विचारतो, हे कसे घडले? मग संजय पहिल्या दिवसापासून सांगू लागतो. द्रोण, कर्ण आणि शल्य यांच्या वेळीही हेच होते. शेवट आधी कळल्याने आपण पाने चुकलो असे वाचकाला वाटते. पण वहीत 'संजय, धृतराष्ट्राला' असे लिहिलेले असेल तर लक्षात येते की इथे एक बाप ऐकतो आहे. कोण मेले हे त्याला कळले आहे. आपल्या हातून कुठे काय चुकले, हे त्याला अजून ऐकायचे आहे.