देवाला ‘तू’ म्हणणारी कविता

देवावरच्या कविता मराठीत आजही भरपूर लिहिल्या जातात. आषाढी जवळ आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि पुढे दिवाळी अंकांत त्या हमखास भेटतात. देवाशी बोलणारी कविता मात्र क्वचित दिसते. त्याला समोर बसवायचं, घरात बोलतो त्याच शब्दांत त्याच्यावर शंका घ्यायची आणि तरी उठून जायचं नाही, हे एकेकाळी मराठी कवितेला सहज जमत होतं. ते आज का जमेनासं झालं, हे पाहायचं तर तुकोबांपासूनच सुरुवात करावी लागते.

तुकोबांचं घराणं देहूच्या वाण्यांचं, घरात सावकारी. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बसला आणि पहिली बायको गेली. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. खतं गेली, पण येण्या-देण्याची भाषा गेली नाही. विठ्ठलाशी बोलताना ते ती बेधडक वापरतात. देव देणेकरी, तुकोबा धनको. आमच्यामुळे तुला देवपण आलं, मग आता टाळाटाळ का करतोस, असा सवाल. इथे शंका तत्त्वज्ञानाच्या अंगाने येत नाही. देणेकऱ्याच्या दारात उभ्या माणसाला ‘हा आहे की नाही’ यापेक्षा ‘हा देणार की नाही’ हा प्रश्न जास्त जाळतो.

एका अभंगात तर आपल्यापुरता देव मेला, असं तुकोबा सांगून टाकतात. हा नास्तिकतेचा जाहीरनामा म्हणून पुष्कळदा पुढे केला जातो. मला तो तसा वाटत नाही. आता त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचं नाही, दोघांचं तुटलं, असा त्याचा सूर आहे. शेकडो अभंगांत ‘तू’ असलेला विठ्ठल इथे ‘तो’ होतो. घरच्या माणसाशी अबोला धरावा तसा हा अबोला आहे. ज्याच्याशी रोजचं बोलणं असतं, त्याच्याशीच अबोला धरता येतो.

तुकोबांच्या आधीही हे होतं. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते आणि त्यालाच जात्याला हात लावायला बोलावते. चोखोबा दाराबाहेरून बोलतात, आणि त्यांची शंका सर्वांत साध्या गोष्टीची आहे: आत का येऊ देत नाहीस? त्या प्रश्नाला पंढरपुरात दार उघडून उत्तर मिळायला साने गुरुजींचं 1947चं उपोषण यावं लागलं. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांत विठ्ठल कधी बाप असतो, कधी भाऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या अशा ओव्या लाखाच्या वर आहेत. त्यांतल्या बाया देवाला उपदेश करत नाहीत, त्याच्याकडून घेतही नाहीत. त्या त्याला सासरची हकीकत सांगतात.

हे बोलणं एका पंथाचं नव्हतं, याची खूण नारायण वामन टिळकांत सापडते. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्ताशी बोलायला त्यांना अभंगच लागला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत.

वळण मर्ढेकरांपाशी येतं. ‘काही कविता’ 1947ची. त्यांनी अभंग आणि ओवीचे साचे उचलले आणि त्यांत गिरण्या, यंत्रं, मुंबईची गर्दी भरली. त्यांच्या प्रार्थनेत माणूस आपला ताठा मोडावा, मनातला आंबटपणा जावा म्हणून विनवतो. समोर ‘तू’ आहे, पण त्याला नाव नाही, विटेवरचं रूप नाही. शंका आता देवाच्या देण्याघेण्याची राहत नाही. ती बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजावर येते. इथवर संवाद टिकून आहे, आणि माझ्या मते आधुनिक मराठीत या जातीची याहून अस्सल कविता झालेली नाही.

पुढे बोलणं देवाकडून बाजूला वळलं. कुसुमाग्रजांच्या ‘गाभारा’त पुजारी भाविकांशी बोलतो, देव तिथे नाहीच. भाषा साधी आहे, घाव खोल आहे, पण ऐकणारा बदलला. अरुण कोलटकरांच्या 1976च्या इंग्रजी ‘जेजुरी’त डोळा खंडोबाकडे, पायऱ्यांकडे, पुजाऱ्याच्या पोराकडे बारकाईने पाहतो आणि गप्प राहतो. दोन्ही थोर रचना आहेत. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी पुजाऱ्याचं भाषण उचललं, कोलटकरांचा डोळा उचलला नाही. त्यामुळे आज देवावरची कविता बहुधा देवाच्या खांद्यावरून वाचकांशी बोलते. संबोधन ‘देवा’ असं असतं. सांगायचं असतं मंदिरातल्या गर्दीला, बुवांना, सरकारला. सांगणं खरं असतं, पण ते देवाला सांगायची गरज नसते.

बिघाड नेमका कुठे होतो, ते एका चौकात दाखवता येईल. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. नमुन्यासाठी मी हा चौक बांधला आहे:

सांजदिवा काल
लावणे राहिले
तुला ते कळले?
सांग बरे

शब्द सगळे स्वयंपाकघरातले. बाई नेम चुकल्याची कबुली देते आणि त्याच दमात विचारते की तुझ्या लक्षात तरी आलं का. कळलं असेल तर तो आहे. कळलं नसेल तर इतकी वर्षं दिवा कुणासाठी लावला? हा दुसरा प्रश्न ती उच्चारत नाही. विचारते मात्र त्यालाच, आणि तेवढाच तिचा विश्वास. आता शेवटचे दोन चरण बदलू:

सांजदिवा काल
लावणे राहिले
जे मनी तेवले
तेच खरे

अक्षरं बरोबर, यमक पक्कं, अर्थही कुणाला खटकणार नाही. पण समोरचा माणूस उठून गेला. बाईला उत्तर मिळालं आणि ते तिनेच दिलं. आता ती शेजारणीला चांगला विचार सांगते आहे. आजच्या बहुसंख्य कविता याच जागी घसरतात. तीन चरण शंका धरून ठेवतात आणि चौथ्यात ‘माणसातच देव आहे’ किंवा ‘देव अंतरी आहे’ असं म्हणून सोडून देतात. शंका उघडी ठेवायची भीती वाटते, म्हणून शेवटी झाकण लावलं जातं.

दुसरी घसरण शब्दांची. देवाशी बोलायला लागलं की कवीच्या तोंडी एकदम अनंत, चैतन्य, निराकार असे शब्द येतात. तुकोबांना संस्कृतातला परमार्थ ठाऊक होता, तरी भांडताना ते बाजारातलंच बोलत. कारण मोठ्या शब्दांत भांडण होत नाही. ‘हे निराकारा, तू निष्ठुर आहेस’ याला कुणी काय उत्तर द्यावं? ‘पोराची फी भरायची होती, तू कुठे होतास?’ याला उत्तर द्यावंच लागतं, निदान न दिल्याचं लागतं तरी.

साधेपणाचीही एक मर्यादा आहे. रोजचे शब्द वापरले म्हणून कविता आपोआप खरी होत नाही; देवाशी उगाच सलगी दाखवणाऱ्या, त्याला मोबाईलवरून फोन लावणाऱ्या कविताही पुष्कळ येतात. जिथे काही येणं बाकी नाही तिथे सलगी पोकळ वाटते. जनाबाईची शिवी चालते, कारण तिच्या पाठीशी रोजचं दळण आहे.

लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. कविता झाली की तिच्यातल्या प्रत्येक ‘तू’च्या जागी ‘तो’ घालून ती मोठ्याने वाचा. काहीच बिघडलं नाही, तर ती देवाशी बोललेली नव्हती. आणि छापायला पाठवण्याआधी शेवटची ओळ एकदा खोडून बघा. ती उत्तर देत असेल, तर खोडलेलीच ठेवा.