मुखपृष्ठाची निवड आणि शिरोरेखेचा प्रश्न

मुखपृष्ठ हे संहितेविषयीचे पहिले विधान असते. म्हणूनच अनेक पर्यायांतून निवड करताना केवळ चित्राच्या सौंदर्याचा निकष अपुरा पडतो. उदाहरणादाखल 'घार' या कल्पित रहस्यकादंबरीची तीन मुखपृष्ठे घेता येतील.

पहिल्यावर संधिप्रकाशातील माळरान, दूरवर पक्षी आणि शिरोरेखा नसलेली बारीक अक्षरे आहेत. चित्र म्हणून ते सरस असले, तरी त्यातून सूचित होते ती ग्रामीण कादंबरी. शिवाय 1600 पिक्सेल रुंदीचे मुखपृष्ठ पडद्यावरील सूचीत 100 पिक्सेलांचे झाले, की 16 पिक्सेल जाडीची रेघ जेमतेम एका पिक्सेलची उरते. 'घ' आणि 'ध' यांतील भेद शिरोरेखेची सलगता आणि डावीकडची गाठ यांवर अवलंबून असतो. येथे शिरोरेखा मुळातच नाही आणि गाठ आहे की नाही, हे इतक्या लहान आकारात कळत नाही. परिणामी 'घार'ची 'धार' होते.

दुसऱ्यावर संशयग्रस्त चेहरा आहे. वाङ्मयप्रकार नेमका कळतो. मात्र शीर्षकाची पांढरी अक्षरे काळ्या केसांवरून उजळ कपाळावर उतरताना अर्धी नाहीशी होतात. प्रतिमा करड्या छटांत पाहिली, की हा दोष तत्काळ ध्यानात येतो.

तिसऱ्यावर काळ्या पृष्ठभूमीवर एकच पिवळा डोळा आणि शिरोरेखेसह ठळक शीर्षक आहे. लघुरूपातही ते वाचता येते. त्याची मर्यादा एवढीच, की डोळा भयकथेकडे झुकतो. परंतु चित्रातील हा कल सौम्य करता येतो. निवड त्याचीच व्हावी. शीर्षकच चुकीचे वाचले गेले, तर चित्राचा पुढचा अर्थ भलत्याच पुस्तकाला चिकटतो.