उलट भाषांतर जुळले, पण प्रश्न पोचला का?

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणण्याची एक ठरलेली रीत आहे. एकाने इंग्रजीचे मराठी करायचे. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करायचे. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून पाहायचे. याला उलट भाषांतर म्हणतात. दोन्ही जुळली की ‘भाषांतर तपासले’ असे लिहून पाहणी करणारे मोकळे होतात. आमचा आक्षेप या मोकळे होण्यावर आहे. एकच प्रश्न घेऊन तो पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय विद्यार्थी आरोग्य पाहणीत भुकेविषयी एक प्रश्न आहे. त्याचे सरळ मराठी असे होईल : ‘गेल्या ३० दिवसांत, घरात पुरेसे अन्न नसल्यामुळे तुम्ही किती वेळा उपाशी राहिलात?’ उत्तराचे पर्याय पाच : कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. हा कागद नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, एखाद्या आश्रमशाळेत नववीच्या वर्गात वाटायचा आहे असे समजा.

पहिली अडचण ‘किती वेळा’ची. मराठीत हे शब्द आकडा मागतात. मुलाच्या मनात ‘तीनदा’ असे उत्तर येते आणि खाली आकडा कुठेच नाही. मग ‘क्वचित’ की ‘कधीकधी’, हे तो अंदाजाने ठरवतो. उलट भाषांतर करणाऱ्याला मात्र काहीच खटकत नाही. खालचे पर्याय पाहून तो सवयीने ‘हाउ ऑफन’ लिहितो. मराठीतली चूक इंग्रजीत जाताना आपोआप दुरुस्त होते आणि ताळा जुळतो!

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. इंग्रजीतल्या ‘गो हंग्री’मध्ये मुळीच न जेवणे येते, तसेच पोट न भरणेही येते. आपल्याकडे या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, उपाशी आणि अर्धपोटी. अर्धी भाकरी मिरचीशी खाऊन झोपलेले मूल स्वतःला उपाशी म्हणणार नाही. ते प्रामाणिकपणे ‘कधीच नाही’वर खूण करील. ‘उपाशी राहिलात’चे इंग्रजी पुन्हा ‘गो हंग्री’च होते, त्यामुळे तपासणीत काही दिसत नाही. अहवालात मात्र भूक आहे त्याहून कमी दिसते.

हा धोका नवा नाही. उलट भाषांतराची रीत नीट मांडणाऱ्या रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०च्या आपल्या निबंधातच तो सांगितला होता. दोघेही भाषांतरकार दोन्ही भाषांत मुरलेले असतात, त्यांचे शब्दांचे संकेत सारखे असतात, आणि हुशार माणूस कच्च्या मजकुरातूनही अर्थ काढतो. तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. भाषांतरात इंग्रजीचीच वाक्यरचना राहिली असेल तर ते परत इंग्रजीत नेणे सोपे जाते, पण एकच भाषा येणाऱ्याला ते कळत नाही. म्हणजे भाषांतर जितके ओबडधोबड, तितका ताळा छान जुळण्याचा संभव! अक्राणीच्या मुलाच्या घरची बोली तर पावरी किंवा भिली. मराठीतून त्याच्या बोलीत होणारे तिसरे भाषांतर तो मनातल्या मनात करतो. ते कोणी तपासतच नाही.

आता ‘घर’ हा शब्द पाहा. ‘होम’चे घर, घराचे ‘होम’. यात भाषांतराची चूक काढताच येणार नाही. पण आश्रमशाळेतले मूल गेले तीस दिवस वसतिगृहात जेवले आहे. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेले असतील तर गावचे घर बंदच असते. मग त्याने कोणत्या घराचे सांगायचे?

हे कळायला मुलालाच विचारावे लागते. छापण्यापूर्वी सात-आठ मुलांना एकेकटे बसवून प्रश्न वाचू द्यावा आणि ‘तुला काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग’ एवढेच म्हणावे. जमल्यास त्याची बोली जाणणारे कोणी सोबत असावे. ‘घरी म्हणजे गावाला का इथं?’ असे एकाने जरी विचारले, तरी दोष कुठे आहे ते कळते.

दुरुस्ती केवळ मराठीत करून भागत नाही. वर्नर आणि कॅम्पबेल यांनी १९७० मध्येच सुचवले होते की मूळ मजकूरही पवित्र मानू नये, दोन्ही भाषांत बदल करत जावे. त्याप्रमाणे आमचा मसुदा असा : ‘गेल्या ३० दिवसांत तुम्ही बहुतेक दिवस कुठे जेवलात?’ आणि त्यानंतर ‘तिथे जेवण कमी पडल्यामुळे तुम्हाला उपाशी किंवा अर्धपोटी राहावे लागले का?’ पर्यायही बदलावे लागतील : एकदाही नाही, एक-दोन दिवस, तीन ते दहा दिवस, त्याहून जास्त. यात एक तोटा आहे. असे आकडे इतर देशांच्या आकड्यांशेजारी मांडता येणार नाहीत. ती तुलना हवीच असेल तर जुना प्रश्न तसाच ठेवून नवे दोन त्याच्यानंतर विचारावेत, आणि दोन्हींची उत्तरे किती मुलांत जुळत नाहीत हे अहवालात छापावे.