भावकथन व भावदर्शन

काव्यात एखादी भावना तिच्या नावाने सांगणे म्हणजे भावकथन आणि तीच भावना इंद्रियांना जाणवणाऱ्या तपशिलांतून श्रोत्याच्या अनुभवास आणून देणे म्हणजे भावदर्शन. संस्कृत साहित्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला. रस किंवा स्थायिभाव नुसत्या नावाने प्रतीत होत नाही, असे आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात दाखविले. पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात अशा नामनिर्देशाची ‘स्वशब्दवाच्यता’ या नावाने रसदोषांत गणना केली. भावना जागी होते ती विभाव आणि अनुभाव यांमुळे, म्हणजे तिचे कारण आणि शरीरावर उमटणारा तिचा परिणाम समोर आल्यामुळे.

मराठीत या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सापडते. हा ग्रंथ श्रोत्यांना उद्देशून सांगितलेला आहे. सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी आपल्या शब्दांविषयी बोलताना, ते ऐकताना कानांना जिभा फुटाव्यात आणि इंद्रियांमध्ये कलह लागावा, अशी कल्पना केली आहे. शब्द कानापुरता राहू नये, ही त्यांची भूमिका यातून स्पष्ट होते.

पहिल्या अध्यायातील अर्जुनविषादाचा प्रसंग या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. गीतेत अर्जुन अतिशय करुणेने व्यापला, असे प्रथम सांगितले जाते. त्यानंतर गात्रे गळणे, तोंड कोरडे पडणे, अंगाला कंप सुटणे, हातातून धनुष्य निसटणे हे अनुभाव येतात. म्हणजे शरीराचा तपशील मुळातच आहे. परंतु करुणेने वीराचे नेमके काय होते, हे अद्याप दिसलेले नाही. ज्ञानेश्वर तेथेच थांबतात. करुणेचे नाव तेही घेतात, पण लगेच ती आत शिरताच वीरवृत्ती कशी निघून गेली, हे कुलीन स्त्रीला सवत सहन होत नाही या दृष्टांताने दाखवितात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचे हृदय पाण्याने मीठ विरघळावे तसे विरघळते. येथे पाणी मिठावर आघात करीत नाही; मऊ वस्तूच्या केवळ स्पर्शाने कठीण वस्तू आपला आकार गमावते. करुणेने धैर्य गळण्याची क्रिया हीच आहे.

याच प्रसंगातील भ्रमराचा दृष्टांत वेगळी छटा दाखवितो. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. जीव गेला तरी पाकळी चिरीत नाही. मिठाची शक्ती नाहीशी झाली, भुंग्याची शाबूत आहे. ती वापरवत नाही, एवढेच. ‘अर्जुनाला दुःख झाले’ या विधानात हे दोन्ही अर्थ एकत्र मिसळून हरवले असते. भावदर्शनाचा खरा लाभ शोभा हा नसून असा नेमकेपणा हा आहे.

मात्र सर्वच तपशील सारखे कार्य करीत नाहीत. चंद्रकिरणांनी पाझरणारा सोमकांत मणी याच प्रसंगात येतो. पण तो श्रोत्याला केवळ काव्यसंकेतातून परिचित असतो. मीठ त्याने बोटांनी हाताळलेले असते. तपशील सांकेतिक झाला, की तो भावनेचे दुसरे नावच ठरतो, आणि भावकथन वेषांतर करून परत येते.

रूपांतराची रीत एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘लेक सासरी गेली, आईला फार दुःख झाले’ या ओळीतून दुःखाचा शब्द काढावा आणि दुःखाने आईच्या हातून काय घडले ते शोधावे: ‘लेक गेली त्या रात्रीही आईने तिच्या वाटणीची भाकरी थापली, सकाळी ती टोपल्यात तशीच वाळलेली होती.’ येथे दुःखाबरोबर सवयीचाही अर्थ आला. याउलट ‘आईचे डोळे पाणावले, आभाळ भरून आले’ असे लिहिल्यास तपशील आहे, पण तो कोणत्याही वियोगाला चालेल. कसोटी दुहेरी आहे: भावनेचे नाव गाळूनही ती श्रोत्याला कळली पाहिजे, आणि तोच तपशील दुसऱ्या भावनेला तसाच लावता येऊ नये. नंतर ‘असे तिचे दुःख’ अशी पुस्ती जोडली, तर साधलेला परिणाम पुसला जातो.

या तत्त्वाला मर्यादाही आहेत. याच जिल्ह्यातील संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्या फटक्यांत श्रोत्याला थेट बजावले जाते. तेथे उपदेश स्पष्ट कळणे हेच प्रयोजन असल्याने उघड कथन हा दोष ठरत नाही. ज्ञानेश्वरांनीही करुणेचे नाव टाळलेले नाही. दोष नाव घेण्यात नसून नावावरच थांबण्यात आहे.