पितळी नळी आणि पडलेला माड

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली अनोळखी वस्तू हा बालकथेतला जुना विषय आहे. बहुतेक कथांत ती वस्तू जादूची निघते किंवा खजिन्याचा पत्ता सांगते. अलीकडे वाचनात आलेल्या एका कथेत मात्र ती मोजमापाचे उपकरण निघते, आणि सातवीतली नात त्याचा उपयोग स्वतः शोधून काढते. कथेचे व लेखकाचे नाव मुद्दाम देत नाही. तिच्यात जी चूक झाली आहे ती आपल्यापैकी अनेकजण वर्गात रोज करतात, म्हणून तिचा विचार करायचा.

कथा कोकणातली आहे. जंगल खात्यात नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत चामड्याच्या पाकिटात एक वीतभर लांबीची चौकोनी पितळी नळी सापडते. नळीच्या बाजूला अंश कोरलेली अर्धवर्तुळाकार पट्टी, तिच्यावर फिरणारा काटा, आणि काट्याबरोबर फिरणारी इवलीशी पाणसळ. काका म्हणतात, दुर्बीण असावी. मुलगी डोळ्याला लावून पाहते. काहीच मोठे दिसत नाही, कारण आत भिंगच नाही. दुर्बीण बाद.

इथून पुढची तीन पाने सुरेख उतरली आहेत. नळीत पाहिले की अर्ध्या भागात बाहेरचे दृश्य दिसते आणि उरलेल्या अर्ध्या भागात कधीकधी एक चकाकता ठिपका तरंगतो. तो पाणसळीतला बुडबुडा आहे, हे तिला पाणसळीवर बोट ठेवल्यावर कळते, कारण ठिपका झाकला जातो. म्हणजे आत तिरका आरसा आहे. पुळणीवर उभी राहून ती समुद्राच्या क्षितिजाकडे पाहते. बुडबुडा आडव्या तारेवर येतो तेव्हा काटा बरोबर शून्यावर असतो. मग ती माडाच्या शेंड्याकडे नळी रोखते. बुडबुडा नाहीसा होतो, चाक फिरवल्यावर परत येतो, आणि काटा ३० च्या पुढे गेलेला दिसतो. माडाच्या जवळ जावे तसा आकडा वाढतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून, तो नळीला लावून ती पडताळा घेते. दोन्हींचे आकडे जुळतात. नळी कोन मोजते तर!

या उपकरणाला ॲब्नी लेव्हल म्हणतात. विल्यम ॲब्नी या इंग्रज लष्करी अभियंत्याने १८७० च्या दशकात ते तयार केले. डोंगराचा चढ आणि झाडांची उंची मोजण्यासाठी सर्वेक्षक व वनकर्मचारी ते वापरत आले. लेखकाने हे नाव शेवटच्या पानापर्यंत सांगितलेले नाही, हे फार योग्य केले. नाव आधी कळले असते तर शोधण्यासारखे काही उरलेच नसते.

पुढे मुलगी माडाची उंची काढते. काटा ४५ अंशांवर येईपर्यंत ती मागे सरकते आणि तिथून बुंध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजते. ते १४ मीटर भरते. समद्विभुज काटकोन त्रिकोण झाला, म्हणून माड १४ मीटर उंच. खात्रीसाठी ती २८ मीटरवर जाते. तिथे कोन साडेसव्वीस अंशांच्या आसपास येतो, आणि आलेखकागदावर त्रिकोण काढल्यावर उत्तर पुन्हा १४ च. त्याच आठवड्यात वादळ होते, माड उन्मळून पडतो. काका टेप लावतात. जमिनीलगतच्या खुणेपासून शेंड्यापर्यंत बरोबर १४ मीटर! सगळे टाळ्या वाजवतात.

इथे कथा फसते. तो माड १४ मीटरांचा असूच शकत नाही.

नळी मुलीच्या डोळ्यापाशी होती, पायापाशी नव्हती. तिने काढलेला त्रिकोण डोळ्याच्या पातळीपासून वर सुरू होतो. सातवीतल्या मुलीचा डोळा जमिनीपासून सुमारे १ मीटर ३० सेंटिमीटरवर असतो. सपाट जमिनीवर तेवढी उंची मिळवायलाच हवी. पडलेला माड १५ मीटर ३० सेंटिमीटर भरायला हवा होता.

दोनदा मोजूनही चूक का सापडली नाही? दोन्ही वेळा ती तशीच उभी होती, म्हणून दोन्ही उत्तरांतून तेच १३० सेंटिमीटर गळाले. एकच चूक दोनदा केली की उत्तरे छान जुळतात. ती उघडी पाडायला वेगळ्या रीतीने केलेले मोजमाप लागते, आणि पडलेला माड हे नेमके तसे मोजमाप होते. लेखकाने वादळ आणून उत्तम साक्षीदार उभा केला, आणि त्याच्या तोंडी खोटी साक्ष घातली.

कोणी म्हणेल, जुने उपकरण, बिघडले असेल. पण ती शंका कथेनेच दूर केली आहे. क्षितिजाकडे पाहताना काटा शून्यावर होता. पाण्यापासून पाच मीटर उंचीवरून समुद्राचे क्षितिज खऱ्या आडव्या रेषेच्या फक्त ४ मिनिटे (अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट) खाली असते. ॲब्नी लेव्हलवर सहसा १० मिनिटांपर्यंतच वाचता येते, म्हणून तो फरक जाणवतही नाही. आता १४ मीटरवर ४५ अंशांच्या आसपास कोनात पुरा एक अंश चुकला तरी उंचीत अर्ध्या मीटरचाच फरक पडतो. सव्वा मीटरहून मोठी तफावत उपकरणाच्या माथी मारता येणार नाही. मुलीपुढे हे सगळे पुरावे होते. टेपवर १५.३० वाचून ती गोंधळली असती, क्षितिज आठवून तिने नळीला निर्दोष ठरवले असते, आणि मग दारात उभी राहून स्वतःच्या डोळ्यापर्यंतची उंची भिंतीवर खुणावली असती. तो शेवट टाळ्यांपेक्षा कितीतरी आनंदाचा झाला असता.

एक गोष्ट मात्र लेखकाने जाणून केलेली दिसते. माड ‘सरळसोट’ आहे असे त्याने आधीच सांगितले आहे. किनाऱ्यावरचे माड बहुधा कललेले असतात. एवढा उंच माड दहा अंश कलला तर शेंडा बुंध्यापासून अडीच मीटरांहून अधिक बाजूला जातो. अशा वेळी अंतर बुंध्यापासून न मोजता शेंड्याच्या बरोबर खालच्या जागेपासून मोजावे लागते.

ही कथा वर्गात जरूर वाचावी, पण वादळापाशी थांबावे. पडलेला माड टेपवर किती भरेल, हे प्रत्येकाला वहीत लिहू द्यावे. बहुतेक जण १४ लिहितील. मग कोनमापक, पोकळ नळी, दोरा आणि खडा घेऊन शाळेच्या झेंड्याच्या खांबाची उंची काढावी. खांबाची खरी उंची शिपाईमामांकडून दोरीने आधीच मोजून घेऊन कागदात बंद ठेवावी. असे घरगुती साधन अंशापर्यंतच वाचता येते, तेव्हा दोन-तीन वितींचा फरक आला तर तो साधनाचा समजावा. पण बुटक्या मुलांची उत्तरे थोडी कमी आणि उंच मुलांची त्याहून अधिक कमी येऊ लागली, तर कोणीतरी कारण विचारीलच. कथेच्या लेखकाने गाळलेले पान तिथे मुले स्वतः लिहितील.