पिएर खरंच बदलतो का? ‘युद्ध आणि शांती’मधला पैशाचा धागा

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच अडचण कळवली. मोठ्या कादंबरीतल्या नायकाच्या बदलावर निबंध लिहायला बसलो की प्रसंगांची यादी होते: आधी असा होता, मग हे घडलं, मग तसा झाला. हजार-बाराशे पानांची कादंबरी असेल तर ही यादीच पाच पानांची होते आणि बदल नेमका कुठे झाला ते राहूनच जातं. म्हणून आज आपण एकच माणूस घेऊ, टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मधला पिएर बेझुखोव. आणि त्याच्याही आयुष्यातला एकच धागा धरू: कुणी पैसे मागितले की तो काय करतो. आत्मा, ईश्वर, नियती यांच्यावर पिएर भरपूर बोलतो. पैशाबद्दल तो फार बोलत नाही, आणि आपल्याला तेच सोयीचं आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ 1805 पासून 1812 पर्यंतचा, आणि उपसंहार 1820 मधला. पिएर हा एका श्रीमंत काउंटचा अनौरस मुलगा. जाडा, चष्मा लावणारा, मनाने चांगला, पण शब्दाचा कच्चा. अगदी सुरुवातीला तो आंद्रेईला वचन देतो की त्या उनाड मित्रांच्या अड्ड्यावर आता जाणार नाही, आणि त्याच रात्री तिथे जाऊन बसतो. पुढे बाप मरतो, सगळी इस्टेट पिएरला मिळते आणि एका दिवसात सगळ्यांना तो हुशार वाटू लागतो.

निबंध लिहिणारे इथून पुढे फसतात, आणि फसवतो खुद्द पिएरच. आपण आता नवे माणूस झालो असं त्याला वारंवार वाटतं. द्वंद्वयुद्धानंतर बायकोपासून वेगळा होऊन तो निघतो, वाटेत तोर्झोकच्या घोडे बदलायच्या ठाण्यावर त्याला बाझ्देयेव हा म्हातारा फ्रीमेसन भेटतो, आणि पिएरला वाटतं, संपलं जुनं आयुष्य. दुसऱ्या खंडाच्या शेवटी नताशाला धीर देऊन तो बाहेर पडतो, आकाशात मोठा धूमकेतू दिसतो आणि मन पुन्हा नवं होतं. सुंदर जागा आहे, यात शंका नाही. निबंधातही बहुतेक जण हीच वाक्यं उचलतात आणि लिहितात, ‘इथे पिएर बदलला’. पण पुढच्याच खंडात हा गृहस्थ फ्रेंच अक्षरांना आकडे देत बसलेला दिसतो. नेपोलियनच्या नावातून 666 निघतात, मग माझ्याही नावातून निघाले पाहिजेत! निघत नाहीत, तेव्हा तो व्याकरण मोडून एक अक्षर गाळतो आणि बेरीज जुळवतो. असा माणूस धूमकेतू पाहून बदलला होता, असं म्हणणं अवघड आहे. तेव्हा आपला पहिला नियम असा, की पात्राला ‘मी बदललो’ असं वाटणं हा बदलाचा पुरावा नाही. पुरावा हवा असेल तर तीच परिस्थिती पुन्हा आलेली शोधायची आणि त्या वेळी माणसाने काय केलं ते बघायचं.

आता पैशाकडे येऊ. फ्रीमेसन झाल्याबरोबर पिएर कीव्हकडच्या आपल्या जमिनींवर जातो. भूदासांना मुक्त करायचं, दवाखाने आणि शाळा काढायच्या, तान्ही मुलं असलेल्या बायकांना कामावर पाठवायचं नाही, असे हुकूम सोडतो. त्याचा मुख्य कारभारी चतुर आहे. या तरुण मालकाची लहर त्याला वेडेपणाची वाटते, पण तो नाही म्हणत नाही. 1807च्या वसंतात पिएर पाहणीला निघतो तेव्हा गावोगावी भाकर आणि मीठ घेऊन लोक स्वागताला येतात, बायका मुलांना कडेवर घेऊन आभार मानतात, पाद्री शाळेतली मुलं घेऊन समोर येतो. पिएरचे डोळे भरून येतात. आणि निवेदक थंडपणे सांगत जातो की त्या बायका आता आपापल्या शेतावर आणखी जड काम करत होत्या, पाद्री लोकांना लुबाडत होता, आईबाप रडत मुलं त्याच्याकडे सोपवत होते आणि पैसे भरून सोडवून आणत होते. दवाखान्याच्या दगडी इमारती शेतकऱ्यांच्याच वेठीवर उभ्या राहत होत्या. वहीत खंड एक तृतीयांशाने कमी दिसत होता आणि वेठ निम्म्याने वाढली होती.

पिएर दुष्ट नाही, हे तर उघडच आहे. मग नडतं काय? देताना त्याची नजर घेणाऱ्याकडे नसते. आपण किती चांगले आहोत या भावनेकडे असते. इथे एक छोटी तुलना करा, निबंधाला फार उपयोगी पडते. ज्या सुधारणा पिएरला जमल्या नाहीत त्या आंद्रेई आपल्या जमिनीवर गाजावाजा न करता करून दाखवतो. तीनशे भूदासांची एक इस्टेट तो मोकळी करतो. आंद्रेईचा परोपकारावर विश्वास नाही, पण कामाकडे लक्ष आहे. म्हणजे पिएरला विचार कमी पडत नव्हते. उलट ते जरा जास्तच होते.

दुसरी नोंद जुलै 1812 ची. नेपोलियन रशियात शिरला आहे आणि मॉस्कोत सरदार-जमीनदारांची सभा भरली आहे. पिएर तिथे काही शंका विचारू बघतो तर लोक त्याच्यावर ओरडतात. मग सम्राट येतो, वातावरण भारून जातं, एका काउंटने अख्खी पलटण दिल्याचं कानावर येतं, आणि पिएर तिथल्या तिथे जाहीर करतो: हजार माणसं आणि त्यांचा सगळा खर्च माझा. बाकीच्यांचंही तेच. दुसऱ्या दिवशी गणवेश उतरवून सगळे कण्हत-कुंथत कारभाऱ्यांना हुकूम देतात आणि आपण हे काय करून बसलो याचं नवल करतात. पाच वर्षांत आकडा वाढला, पण देण्याची तऱ्हा तीच राहिली. कुणीतरी भारावून टाकलं की हात सैल. मध्यावरची ही नोंद निबंधात जरूर ठेवा. ती नसेल तर बदल सावकाश झाला हे दिसणारच नाही, कारण सावकाश या शब्दाचा अर्थच असा की बराच काळ काही बदललेलं नसतं.

त्यानंतर बोरोदिनोची लढाई, जळतं मॉस्को, फ्रेंचांची कैद. डोळ्यांदेखत माणसं गोळ्या घालून मारली जातात. कैद्यांच्या झोपडीत प्लातोन कारातायेव नावाचा शेतकरी शिपाई त्याला भाजलेला बटाटा मीठ लावून देतो. या भागावर खूप लिहिलं गेलं आहे आणि बहुतेक निबंध इथेच थांबतात: कारातायेवने पिएरला शहाणं केलं. आम्हीही कॉलेजात असताना अगदी हेच लिहिलं होतं आणि बरे मार्क मिळाले होते. आज तो निबंध पुरा वाटत नाही. बाझ्देयेवनेही त्याला ‘शहाणं’ केलं होतंच की. या वेळचं शहाणपण वेगळं होतं हे कशावरून?

ते कळतं सुटकेनंतर, ओरेल गावात. पिएर तिथे तीन महिने आजारी पडून आहे. हा भाग छोटा आहे, त्यात लढाई नाही, आणि वाचताना तो सहज नजरेतून सुटतो. एक फ्रेंच कर्नल, आता युद्धकैदी, पिएरकडे येतो. स्वतःचे पराक्रम सांगतो आणि शेवटी बायकामुलांना पाठवायला चार हजार फ्रँक मागतो. पिएर नाही म्हणतो. सहज, रागावता, ओशाळता न येता. नंतर त्यालाच नवल वाटतं की जे पूर्वी इतकं अवघड होतं ते इतकं सोपं कसं झालं. आणि त्याच वेळी तो ठरवतो की दुसऱ्या एका इटालियन अधिकाऱ्याला पैशाची गरज दिसते आहे, तो मागणार नाही, तेव्हा काहीतरी युक्ती करून त्याला ते घ्यायला लावले पाहिजेत. पूर्वी मागणारा समोर आला की पिएर गोंधळायचा: कुणाला जास्त गरज आहे, हा फसवतोय की तो, की दोघेही? आता त्याच्या आत जणू एक न्यायाधीश बसला आहे. निवाड्याची कलमं पिएरला सांगता येणार नाहीत, पण निवाडा होतो.

कारभाऱ्याचंही तसंच. मुख्य कारभारी ओरेलला येऊन हिशेब मांडतो: मॉस्कोच्या आगीत सुमारे वीस लाखांचं नुकसान झालं, पण मेलेल्या बायकोची कर्जं फेडायला तुम्ही बांधील नाही, ती नाकारली आणि मॉस्कोची घरं पुन्हा बांधली नाहीत तर उत्पन्न उलट वाढेल. पिएर खूश होतो. लुबाडलो गेलो आणि श्रीमंत झालो, म्हणतो. पण जानेवारीत मॉस्कोहून दुसरा कारभारी सावेलिच येतो, त्याच्याशी बोलणं होतं, आणि पिएरला कळतं की कर्जं फेडायची आणि घरंही बांधायची. का, ते त्याला सांगता येत नाही. करायला हवं एवढं पक्कं माहीत आहे. उत्पन्न तीन चतुर्थांशाने घटतं. कीव्हचा पिएर आठवा. तिथे कारणं ढीगभर होती आणि काम शून्य. इथे कारण सापडत नाही आणि काम होऊन जातं.

आता एक आक्षेप, जो तुम्ही स्वतःच निबंधात घ्यावा, नाहीतर परीक्षक घेईल. तो आतला न्यायाधीश आपल्याला पूर्णपणे प्रसंगातून भेटत नाही. बराचसा निवेदक सांगतो, म्हणजे टॉलस्टॉय इथे दाखवण्याऐवजी समजावू लागतो. शिवाय बायको हेलेन सोयीस्करपणे मेलेली आहे. आणि आम्हाला जास्त खुपतं ते असं, की ओरेलच्या हिशेबात कर्जं येतात, घरं येतात, पण कीव्हकडच्या त्या वेठीच्या बायका येत नाहीत. पिएर बदलला, पण त्या बदलाची परीक्षा त्याच्या सगळ्यात मोठ्या अपयशाच्या जागी घेतलेली नाही. हा बदल खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. त्याची हद्द मात्र लिहायला हवी.

उरला 1820चा उपसंहार. पिएर नताशाचा नवरा आहे, चार मुलांचा बाप आहे, आणि पीटर्सबर्गहून राजकीय गुप्त मंडळाच्या कल्पना घेऊन आला आहे. पुन्हा तेच भारावणं! रात्री नताशा विचारते, कारातायेवला हे पटलं असतं का? पिएर थोडा विचार करून म्हणतो, नसतं. आपलं घर-संसार मात्र त्याला आवडला असता. पुष्कळ वाचकांना इथे आलेख घसरल्यासारखा वाटतो आणि निबंधातून ते हा भाग गाळतात. गाळू नका, कारण त्याच संध्याकाळी आधी एक गोष्ट घडून गेलेली असते.

अभ्यासिकेत पिएर तावातावाने बोलत असतो आणि कोपऱ्यात आंद्रेईचा पंधरा वर्षांचा मुलगा निकोलेन्का ऐकत बसलेला असतो. ऐकता ऐकता त्याने टेबलावरचे बोरू आणि लाखेच्या कांड्या मोडून टाकल्या आहेत, आणि त्याचं त्यालाच भान नाही. तेरा वर्षांपूर्वी नावेवर याच मुलाच्या बापाशी पिएर असाच बोलला होता. त्या बोलण्याने आंद्रेईच्या आयुष्याला वळण मिळालं, आणि पिएरला त्याचा पत्ताही नव्हता. आता मुलगा विचारतो, बाबा असते तर त्यांना तुमचं पटलं असतं का? पिएर त्याच्याकडे बघतो. आपण बोलत होतो तेव्हा या पोराच्या मनात केवढं काय चाललं असेल हे त्याच्या एकदम ध्यानात येतं, आणि याने ऐकायला नको होतं असं त्याला वाटून जातं. ‘पटलं असतं असं वाटतं,’ एवढं तो नाइलाजाने म्हणतो आणि खोलीबाहेर जातो.